मुद्दलात मिसळलेलं व्याज

चौतीस वर्षं इस्पितळात काढल्यामुळे निवृत्तीनंतरही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ गेला आणि त्यानंतर जवळचा म्हणावा असा भाचा तेवढा उरला. तो दूर राहायचा, दर रविवारी फोन करायचा आणि पाच मिनिटांत ठेवायचा.

त्या रविवारी फोनवर तो म्हणाला, "आत्या, तुझ्या एक लाखाच्या ठेवीची मुदत संपतेय ना? बँकेत परत आठ टक्क्यांनी अडकवू नकोस. समोरची पतसंस्था आठ पूर्णांक दोन देते. डोळे झाकून तिकडे टाक."

सिस्टरांनी आयुष्यात डोळे झाकून काही केलं नव्हतं. सोमवारी पावती पिशवीत घालून त्या बँकेत गेल्या. ठेवींच्या टेबलावर नेहमीच्या मॅडम होत्या, चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या.

"या सिस्टर, बसा. गुडघा काय म्हणतोय?"

"म्हणतोय, तू पुढे हो, मी मागनं येतो," सिस्टर म्हणाल्या आणि मग पतसंस्थेचं सांगितलं.

मॅडमनी एक कोरी स्लिप उलटी केली. "पतसंस्था व्याज वर्षातून एकदाच जोडते. म्हणजे एक लाखाचे वर्षाअखेर एक लाख आठ हजार दोनशे. आम्ही दर तीन महिन्यांनी जोडतो. आठ टक्के वर्षाचे, म्हणजे तिमाहीला दोन. पहिल्या तिमाहीला दोन हजार. आता मुद्दल झालं एक लाख दोन हजार. पुढचे दोन टक्के ह्यावर."

"दोन हजार चाळीस," सिस्टर लगेच म्हणाल्या. औषधांचे डोस मोजून मोजून हिशेब जिभेवर बसला होता.

"बरोबर. वरचे चाळीस म्हणजे व्याजावरचं व्याज. तिसऱ्याला दोन हजार ऐंशी आणि ऐंशी पैसे, चौथ्याला दोन हजार एकशे बावीस आणि थोडे पैसे. वर्षाअखेर एक लाख आठ हजार दोनशे त्रेचाळीस. दर आठच, पण हातात पडतात जवळजवळ सव्वाआठ टक्के. पाटीवरचा आकडा मोठा असला म्हणून पैसे जास्त मिळतातच असं नाही."

"मग इथेच ठेवते."

मॅडम मात्र पावतीकडे बघत राहिल्या. "पण सिस्टर, हे तुम्हाला मिळतच नाहीये. तुम्ही दर तीन महिन्यांनी येऊन व्याज काढून नेता. मुद्दल लाखाचं लाखच राहतं. चार वेळा दोन दोन हजार, वर्षाचे आठ हजार. तुमच्या बाबतीत ते आठ टक्के म्हणजे नुसते आठच. असं काढायचंच असेल तर पतसंस्थाही तुम्हाला दोनशे जास्त देईल."

सिस्टरांनी पावती हातात घेऊन पुन्हा वाचली.

"खर्चाला लागतात का?"

"नाही. पेन्शन पुरून उरते. ते पैसे कपाटात पाकिटात पडून आहेत. तीन महिन्यांनी एकदा इथे यायला निमित्त होतं. तुम्ही गुडघ्याचं विचारता. बाकी कोणी विचारत नाही."

पेन दोनदा उघडून मिटून मॅडम म्हणाल्या, "व्याज आत राहू द्या. तुम्ही येत जा. येण्याला पावती लागत नाही."

सिस्टरांनी सही केली. घरी जाऊन कपाटातलं पाकीट काढलं, त्यातल्या पैशांचीही दुसऱ्या दिवशी वेगळी ठेव केली. रविवारी भाच्याला सगळा हिशेब सांगायला घेतला. दुसऱ्या तिमाहीपर्यंत पोचल्या तोच तो म्हणाला, "बरं केलंस आत्या, दुसरा फोन येतोय."

तीन महिन्यांनी त्या बँकेत गेल्या. टेबलावर एक नवा तरुण होता. मॅडमची बदली झाली होती, कुठे ते त्याला ठाऊक नव्हतं.

"काय काम होतं?"

"लाखाच्या ठेवीवर व्याज चढलं का, ते बघायचं होतं."

त्याने चष्मा वर करून पडद्यावर पाहिलं. "एक लाख दोन हजार. पण आजी, ह्यासाठी एवढं चालत यायला नको. फोनवर दिसतं."

"माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या.

भिंतीलगतच्या बाकावर त्या टेकल्या. रांग सरकत होती, माणसं नंबर घेत होती, सह्या करून निघून जात होती. बऱ्याच वेळाने शिपाई जवळ आला.

"कोणाची वाट बघताय का?"

"नाही. बसते जराशी."

"बसा की," तो म्हणाला आणि जाता जाता पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवून गेला.