दुसरं पान सगळ्यांचं एकच

संघप्रिया कुरणे इंग्लंडात नऊ वर्षं नर्स होती, त्यातली शेवटची चार वर्षं अतिदक्षता विभागाची सिस्टर. तिथं तिला कुणी छळलं नव्हतं, पगार वेळेवर होत होता, आणि पाऊस सोडला तर तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण उचगावात सरुबाईचं, म्हणजे तिच्या आईचं, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, संघप्रियाची रजा संपत आली आणि हिशोब सोपा उरला. शुक्रवारपर्यंत इथली नोकरी पक्की झाली तर तिकडं राजीनामा. नाही झाली तर रविवारचं विमान, आणि सरुबाई शेजारच्या धोंडुबाईच्या भरवशावर. धोंडुबाईला स्वतःलाच उठताना दोघांचा हात लागायचा.

पेठ वडगावच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला अतिदक्षता विभागासाठी इन्चार्ज सिस्टर पाहिजे होती. जाहिरातीत लिहिलं होतं: अर्ज मराठीत, टंकलिखित, सोबत इंग्रजी बायोडाटा. अर्ज विश्वस्तांसाठी, बायोडाटा डॉक्टरांसाठी. एकमेकांचे कागद वाचायची तिथं पद्धत नव्हती.

इंग्रजी बायोडाटा तिनं स्वतःच केला. दोन पानं, आत्ताची नोकरी वर, जुनी खाली. मराठी अर्जासाठी ती कचेरीसमोरच्या बाळासोच्या टायपिंग सेंटरात गेली. बाळासो तीस वर्षं लोकांचे अर्ज टाईप करत होता. आधी मशिनवर, मग कॉम्प्युटरवर. त्यानं आधी बायोडाटाच हातात घेतला आणि पेशंटचा एक्स-रे बघावा तसा उजेडात धरला.

"ताई, ह्यो उलटा झालाय की. दहावी सगळ्यात खाली?"

"तिकडं तसाच करतात, मामा."

"फोटू न्हाय. जन्मतारीख न्हाय. लग्न झालंय का न्हाय, ते न्हाय. ह्यात माणूस कुठाय?"

"तिकडं हे काही लिहीत नाहीत. वयावरून, लग्नावरून कुणाला डावलू नये म्हणून."

"मग डावलायचं कशावरनं?" बाळासोनं अगदी मनापासून विचारलं.

संघप्रियानं जन्मतारीख घातली, फोटो चिकटवला, वैवाहिक स्थितीसमोर 'अविवाहित' लिहिलं. बाळासोनं 'हं' केलं. त्या 'हं'मध्ये सबंध उचगाव होतं.

"आणि ह्यो कोण मायकेल?"

"माझा मॅनेजर. त्याला मेल केला की तो माझ्याबद्दल सांगेल."

"सांगंल की. पण ह्यो मायकेल वडगावात कुणाला म्हाईत हाय? दोन प्रतिष्ठितांचं दाखलं लावा. तुमी सोन्यासारख्या हाय असं."

"त्या प्रतिष्ठितांना मी म्हाईत नाही, मामा."

"त्यानं काय हुतंय? माझ्याकडं सही-शिक्का मारून ठेवल्यात."

ते तिनं घेतले नाहीत. अर्जाचा मजकूर मात्र तिनं शब्द न् शब्द सांगितला. अतिदक्षता विभाग, चौदा खाटा, हाताखाली अकरा नर्स, इथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू, नूतनीकरण केलेलं. बाळासोनं टाईप केलं. 'खाटा'च्या जागी 'घाटा' आलं, ते तिनं दुरुस्त करून घेतलं. पुन्हा वाचलं, पुन्हा दुरुस्त केलं. तासभर गेला. पहिलं पान इतकं चोख झालं की तिला थोडा गर्वच झाला. मग बाळासोनं खालच्या कप्प्यातून आणखी एक पान काढलं, टाचणी मारली आणि पेन पुढं केलं.

"हितं सही. हास्पिटलाचं हापिस बंद व्हायला तासच हाय, वडगाव गाठायचंय न्हवं?"

तिनं सही केली. शेवटच्या पानावर सही असतेच. रिक्षात बसली, अर्ज दिला, पोच घेतली.

गुरुवारी मुलाखत. टेबलापलीकडं तिघं. चेअरमन, मुख्य डॉक्टर, आणि फायली सांभाळणाऱ्या वर्षाराणी. डॉक्टरांपुढं बायोडाटा, चेअरमनांपुढं अर्ज.

"चौदा खाटांचा विभाग?" डॉक्टर पुढं सरकले. "व्हेंटिलेटरचा अनुभव?"

"रोजचा, सर."

"अरे वा. आम्हाला अशाच..."

"थांबा की डॉक्टर," चेअरमन म्हणाले. ते अर्ज कायम मागून वाचत. पुढं सगळे स्वतःचं कौतुक लिहितात, माणूस खरा बोलतो तो शेवटी, असं त्यांचं मत होतं. "हितं तर पोरगी काय वेगळंच सांगत्या. ऐका. 'अर्जदार गरीब, होतकरू व बेरोजगार असून, तिला कोणताही पूर्वानुभव नाही. तरी पडेल ते काम करण्याची तयारी आहे. एक वेळ संधी द्यावी, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक.' खाली सही हाय. तुझीच न्हवं?"

सही तिचीच होती. मोठी, स्पष्ट, इंग्लंडात औषधांच्या चार्टवर करायची तशी.

"व्हय," ती म्हणाली. घशातून आपोआप उचगाव आलं.

"मग खरं काय? ह्यात अनुभव न्हाय, त्यात चौदा खाटा. परदेशाचं खोटं कागद घेऊन मागल्या साली एक आलता, त्यो कंपाउंडर निघाला."

"साहेब, दुसरं पान टायपिंगवाल्याचं छापील आहे. सगळ्यांना तेच लावतो. मी न वाचता सही केली."

"न वाचता?" डॉक्टर आता मागं सरकले. अतिदक्षता विभागात न वाचता सही करणारी सिस्टर त्यांनाही नको असावी, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. नऊ वर्षांत तिनं एक ओळ न वाचता सही केली नव्हती. केली ती कचेरीसमोर, टाचणी बघून.

ती उठली नाही. "माझ्या मॅनेजरला आत्ता फोन लावा. तिकडं सकाळ आहे. नंबर माझ्याकडून घेऊ नका, हॉस्पिटलच्या वेबसाइटवरून घ्या."

डॉक्टरांनी खरंच लावला. चार ठिकाणी फिरून मायकेल सापडला. तारखा आणि हुद्दा त्यानं सांगितला, त्यापुढं काही सांगायची तिकडं परवानगी नाही म्हणाला, आणि परवानगी नसतानाच पुढं म्हणाला की तुम्ही तिला घेतलं तर आमचं नुकसान आहे. डॉक्टरांनी ते चेअरमनांना मराठीत सांगितलं.

"बरं," चेअरमन म्हणाले. "एक तारखेपास्नं ये. पण फायलीचं काय?"

फायलीचं काय, हे वर्षाराणींना ठाऊक होतं. आवक नंबर पडलेला अर्ज बदलता येत नाही, फाडता तर नाहीच. उद्या तपासणी आली की एकाच सहीखाली दोन बायका निघणार. "स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र द्या, मॅडम. अर्जातली गरीब, अनुभव नसलेली आणि बायोडाटातली नऊ वर्षं अनुभवाची, ह्या दोन्ही व्यक्ती एकच आहेत म्हणून. उद्या बारापर्यंत. ते आलं की नेमणूकपत्र."

शुक्रवारी सकाळी नऊला संघप्रिया बाळासोपुढं उभी होती. त्याला काय काय बोलायचं, ते तिनं रिक्षात क्रमवार ठरवलं होतं.

"एकच व्यक्ती व्हय?" बाळासोचा चेहरा खुलला. "आधी सांगायचं न्हाय का! तयार हाय की फॉरमॅट. लई खपतोय." त्यानं खालचा कप्पा उघडला.

"मामा, कप्पा बंद करा."

तिनं स्टूल ओढलं, त्याच्या खांद्याशी बसली आणि प्रतिज्ञापत्र पहिल्या शब्दापासून टाईप करून घेतलं. अर्जाच्या दुसऱ्या पानावरचा मजकूर छापील असून तो माझा नाही, असं त्यात लिहायला लावलं. बाळासोला ते लागलं. "तीस वर्षांत त्या पानावर किती पोरं नोकरीला लागली, म्हाईत हाय? 'होतकरू' तरी ऱ्हाऊ द्या की, ताई." ते राहिलं नाही. तिनं तीनदा वाचलं, मग शेजारच्या नोटरीसमोर सही केली.

साडेअकराला प्रतिज्ञापत्र वडगावात पोचलं. पावणेबाराला नेमणूकपत्र हातात आलं, तेही तिनं उभ्या उभ्या दोनदा वाचलं. राजीनाम्याची प्रत सहीनिशी स्कॅन करून पाठवायची होती, म्हणून ती परत बाळासोकडंच आली. दुसरं कुठलं सेंटर उघडं नव्हतं, हे तिचं कारण.

राजीनामा दोन ओळींचा होता. मी नोकरी सोडते आहे, नोटिशीचा काळ आजपासून बिनपगारी रजेत धरावा. बाळासोनं कागद स्कॅनरवर ठेवताना उलटून पाहिला. मागं कोरा होता.

"एवढंच?" तो म्हणाला. "ताई, दुसरं पान?"