न दिसणारा धूर

सुरक्षा-पुस्तिकेचा माझा मराठी अनुवाद कामगारांना कळतो का, ते पाहायला मी बंद बॉयलरपाशी गेले होते. चिमणीकडे जाणाऱ्या डक्टच्या दाराशी फिटरमामांनी वाचलं, “धूर निघून गेल्याशिवाय आत उतरू नये.” मग ते आत डोकावले. “ताई, धूर नावालाही नाही. उतरतो.”

मी गोंधळले. मूळ इंग्रजीत ‘फ्लू गॅस’ होतं; फ्लू गॅस म्हणजे धूरच ना?

“मामा, आधी विषारी गॅसचा मीटर धरा बरं.”

मीटर आत जाताच कोकलू लागला. मामा झटकन मागे आले.

“पण गॅस दिसत कसा नाही?” मी विचारलं.

“धुरात दिसते ती राख, ती आधीच गाळून घेतलेली. मग दिसणार काय, कपाळ?”

मी ‘धूर’ खोडून ‘फ्लू गॅस’ लिहिलं, पुढे ‘मीटरने तपासा’. आणखी किती पानांवर धूर लिहिलाय, आठवेना. पुन्हा पहिलं पान उघडलं.