दोन वाजता अम्मा काय करणार?

ऐरोलीच्या त्या सोसायटीचे अध्यक्ष नंदकिशोर करंदीकर बेलापूरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण त्यांची वाक्यं अजून नोकरीत होती. उद्या पाण्याच्या टाक्या धुवायच्या होत्या. दहा ते दोन पाणी बंद, टाकीत ब्लीचिंग पावडर, दोनला पाणी आलं तरी वास जाईपर्यंत सोडून द्यायचं आणि सहापर्यंत प्यायचं नाही, एवढं सगळं त्यांनी एकाच वाक्यात बसवलं होतं. वाक्य एकाहत्तर शब्दांचं. मध्ये कुठे टेकायला जागा नाही.

ऋषी तिसऱ्या मजल्यावर राहायचा, घरून काम करायचा आणि म्हणून रिकामा समजला जायचा. त्याने ते वाक्य भाषांतराच्या ॲपमध्ये घातलं. ग्रुपवर हिंदी, गुजराती आणि मल्याळम वाचणारेही होते. मल्याळी घरं तीन, पण मल्याळमशिवाय दुसरं काही वाचता न येणारी व्यक्ती एकच: पाचशे चारमधल्या अम्मिणीअम्मा. महिन्यापूर्वी त्रिशूरहून आलेल्या. मुलगी सिंधू नर्स; ड्यूटीवर तिचा फोन लॉकरमध्ये. साडेतीन महिन्यांची नात दिवसभर अम्मांकडे, बाटलीतल्या पावडरच्या दुधावर. सिंधूने सकाळीच लिहिलं होतं, 'टाकीचं मल्याळममध्ये पण टाका प्लीज. अम्मा एकटी असते.'

"उलट करून बघ," शेजारी बसलेले करंदीकर काका म्हणाले.

ऋषीने मल्याळम मजकूर ॲपमधूनच परत मराठीत आणला आणि मोठ्याने वाचला. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"परफेक्ट. सहकार्य करावे, आलंय ना? मग झालं. टाक."

ऋषीलाही ठीकच वाटलं. अंगठा बटणापर्यंत गेला. तेवढ्यात त्याला जाणवलं, की तो वाचत असताना काकांचे ओठ त्याच्या दोन शब्द पुढे हलत होते. काका ऐकत नव्हतेच, आठवत होते. आणि खरं सांगायचं तर तोही.

"काका, हे ज्याला माहीतच नाही अशा कोणालातरी दाखवू या."

"अरे, माहीत नसलेला माणूस काय तपासणार?"

ऋषी फोन घेऊन लिफ्टने पाचव्यावर, अम्मिणीअम्मांकडे गेला.

अम्मांनी नातीला खांद्यावर टाकूनच दार उघडलं. ऋषीने फोन पुढे केला आणि जमेल तसं हिंदी केलं, "अम्मा, पढो. कल आप क्या करोगे?"

अम्मांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग त्यांनी उद्याचा अख्खा दिवस करून दाखवला. "टेन, बंद." नळ बंद. बादलीकडे बोट: आधीच भरणार. मग दोन बोटं वर. "टू. पानी." त्यांनी खोटा नळ सोडला, खोटी बाटली धुतली, खरी किटली त्याखाली धरली आणि नातीकडे बघून हसल्या. "बेबी. दूद."

नातसुद्धा हसली. ऋषी सोडून सगळे खूश होते.

त्याने मूळ वाक्य उघडलं. चव्वेचाळिसाव्या शब्दापासून पुढे वास, सहा वाजता, पिण्यास वापरू नये, सगळं होतं. मल्याळममध्ये नव्हतं. उलटून आलेल्या मराठीतही नव्हतं. ॲपने ते गाळलं होतं, आणि दोन शिकलेल्या माणसांनी ते मनातल्या मनात भरून वाचलं होतं.

खाली येऊन त्याने वाक्याचे तुकडे केले. एका ओळीत एक काम.

"तू माझं वाक्य मोडलंस," काका म्हणाले.

"सहा केली, काका."

"सहा? एवढी मोठी नव्हती रे सूचना."

"पाचशे चारमधलं बाळ दोन वाजता ब्लीचिंगचं पाणी पिणार होतं."

काकांनी आपला मराठी कागद उचलला. मग म्हणाले, "गुजराती कोणाला दाखवायची?" दुसऱ्या मजल्यावरच्या हरेशभाईंकडे ते स्वतः गेले. तो कागद खालीच ठेवून जायचं, या ऋषीच्या अटीवर. हिंदी वॉचमनने वाचली.

ऋषी नवीन मल्याळम घेऊन पुन्हा पाचव्यावर. अम्मांनी वाचलं. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी दोन बोटं वर केली, नळ सोडला, नाक दाबलं आणि हात हलवून पाणी जाऊ दिलं. किटलीला हातही लावला नाही. मग आत जाऊन स्टीलची मोठी कळशी आणली, झाकण उघडून दाखवलं, नातीच्या पोटावर हात ठेवला. आजच भरून ठेवणार. सहा बोटं. त्यानंतर नळ.

ऋषीने पाठवायचं बटण दाबलं. चारही भाषा एकामागोमाग ग्रुपवर गेल्या.

अम्मांनी स्वतःच्या फोनवर ती सूचना आलेली बघितली, चष्मा काढला आणि बोट त्याच्याकडे रोखलं.

"मोने," म्हणजे बाळा, "तुम? क्या करेगा?"

ऋषीने तोंड उघडलं. दहाला बंद. सकाळपासून ही सूचना त्याने निदान पंधरा वेळा वाचली होती. त्याच्या घरी एकच बादली होती, आणि तिच्यात मोजे भिजत होते.

 अम्मा आत गेल्या आणि त्याच्यासाठी एक रिकामा हंडा घेऊन आल्या.