दोन चौकटींच्या मधलं वाक्य

फारसी येणारी मुलगी अख्ख्या पोंभुर्ण्यात एकच, जया. दिल्लीत बी.ए.ला जी जागा मिळाली ती तिनं घेतली, ती फारसीची निघाली. गावाला त्याचं कोण कौतुक! तिचे वडील इस्तारी तलावात जाळं टाकता टाकता सांगायचे, "आमची जया इराणवाल्याची भाषा वाचते." घरी बसून भाषांतराची कामं करते हेही सांगायचे, कामं किती तुरळक येतात, तेवढं मात्र गिळून टाकायचे.

चंद्रपूरचे गुणवंतराव सुकामेव्याचे ठोक व्यापारी. लग्नसराईसाठी पिस्ते थेट इराणातल्या केरमानहून मागवायचं त्यांनी ठरवलं. तिथल्या रहमानी नावाच्या व्यापाऱ्याचं कोटेशन आलं, ते सगळं फारसीत. बँकेला आणि भागीदाराला इंग्रजी हवं होतं. भागीदार म्हणाला, मोठ्या शहरातला माणूस पाहा. गुणवंतराव हटले नाहीत. "आपल्या जिल्ह्यातली पोरगी असताना बाहेर काऊन जावं?"

जयानं जीव ओतून काम केलं. तिला सगळ्यात धास्ती तारखेची. भावाची मुदत इराणी पंचांगानं, मेहर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. पुन्हा पुन्हा ताडून तिनं सात ऑक्टोबर लिहिलं आणि ते अगदी बरोबर होतं. मग इंग्रजी कोटेशनला शोभतील अशा चौकटी आखल्या. एकीत भावाची मुदत. दुसरीत पैशांच्या अटी: तीस टक्के आगाऊ, उरलेले जहाजाच्या कागदांच्या प्रती मिळाल्यावर. मूळ कागदात मुदतीच्या शेपटाला आणखी एक वाक्य होतं: आगाऊ रक्कम त्याच तारखेपर्यंत खात्यात जमा झाली तरच हा भाव कायम. हे मुदतीत घालायचं की पैशांत? पहिल्या चौकटीतून तिनं ते उचललं, दुसरीत टाकू म्हणाली, आणि टाकायचं राहूनच गेलं. कागद इतका देखणा दिसत होता की बाईसाहेब स्वतःवरच खूश झाल्या.

गुणवंतरावांनी मुदतीच्या आत होकार कळवला. आगाऊ पैसे बँकेतून फिरत फिरत पोचले ते मुदत उलटल्यावर. रहमानींचं उत्तर आलं: तो भाव संपला, आता नवा भाव, आणि तो चढा आहे.

"जबान देऊन फिरला!" गुणवंतराव फोनवर कडाडले. "मुदतीत हो म्हटलं ना आपण? लिही त्याले, बेइमान आहे म्हणून. काही सोडू नको!"

लिहिण्याआधी जयानं मूळ कोटेशन उघडलं. ते वाक्य होतं तिथंच होतं. त्याच वेळी खरं सांगून टाकायचं होतं. पण भागीदार काय म्हणेल, बाबा तलावावर काय सांगतील, हे डोळ्यांपुढं आलं आणि तिनं लबाडी केली. बेइमान हा शब्द गाळला, थोडा गैरसमज झालासा दिसतो, असं गुळमुळीत लिहून पाठवलं. दोन्ही बाजूंचं वाचता येणारं माणूस मध्ये एकच, तेव्हा पकडणार कोण? आपण किती हलक्या झालो हे तिला तेव्हाच कळत होतं.

रहमानींचं उत्तर आलं ते वाचून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी लिहिलं होतं, 'आमच्याच लिहिण्यात काही अस्पष्ट राहिलं असेल. दोष आमचा, माफ करा. वाढलेल्या भावातला निम्मा बोजा आम्ही उचलतो.'

हे फोनवर उरकून टाकणं तिला जमेना. बस धरून ती चंद्रपूरला दुकानात गेली आणि उत्तर मराठीत वाचून दाखवलं. गुणवंतरावांचा राग पार निवळला.

"पाहा," ते भागीदाराला म्हणाले, "एवढा मोठा व्यापारी, पण चूक कबूल करते. असा माणूस पाहिजे. उगाच शिव्या देल्ल्या आपण." मग तिची पाठ थोपटत त्यालाच ऐकवलं. "अन् तू म्हणत होता, पोरीले जमनार नाई!"

ती कौतुकाची थाप जयाला सोसवेना.

"भाऊ, त्याहीची चूक नाई," ती म्हणाली. "ते वाक्य त्याहीनं लिहिलं होतं. माझ्याकडून सुटलं. अन् तुमचं पत्र लिवलं तवा मले माहीत होतं."

भागीदार हसला, आणि ते हसणं सगळ्यात जास्त लागलं.

"सुटलं ते समजतो मी," गुणवंतराव म्हणाले. "पन दुसऱ्याले माफी मागू देल्ली तू?"

त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढं सरकवला.

"लिही त्याले. निम्मा बोजा नको म्हन, पूरा आम्ही उचलतो. ते माझ्या नावानं. अन् बाकीचं तुझ्या नावानं."

आजवर तिनं फारसीत दुसऱ्यांच्याच नावानं लिहिलं होतं. स्वतःचं म्हणून पहिलंच वाक्य लिहायला ती बसली, आणि 'दोष माझा' एवढं लिहायला तिला शब्दकोश लागला नाही. रहमानींच्या पत्रातूनच तिला ते पाठ झालं होतं.