मेथीचा खाकरा

किराणा दुकानदाराचं पोर उपाशी, हे सांगायचं तरी कुणाला? आमचा राजस दोन वर्षांचा. वरणभात दिसला की तोंड फिरवतो, नाचणीची पेज थुंकून टाकतो. सांगलीतल्या डॉक्टरांनी वजन केलं, तर तीन महिन्यांत काडीचं वाढलेलं नाही. म्हणाले, "गोड बंद करा. त्यानंच पोट भरतंय. पुढच्या महिन्यातही वजन हललं नाही तर रक्त तपासू."

घरी आले आणि दुकानातल्या गोळ्यांच्या, क्रीम बिस्किटांच्या बरण्या उचलून माळ्यावर ठेवल्या.

"आगं, गिऱ्हाईक काय म्हणंल?" माझा नवरा गोमटेश ओरडला.

"गिऱ्हाइकांची वजनं वाढतायत. माझ्या पोराचं नाही!"

मग राजससाठी एक फळी रिकामी केली. गुबगुबीत बाळाचं चित्र असलेला, दुधात घालायच्या पुष्टीच्या पावडरीचा डबा आधी हातात आला. पाठीमागं घटक वाचले तर पहिलं नाव साखरेचं! ज्याचं नाव पहिलं, तेच जास्त घातलेलं असतं. डबा जागेवर ठेवला. बिनसाखरेचा दलिया, डाळ्याचं पीठ आणि मेथीच्या खाकऱ्याची पाकिटं घेतली. खाकऱ्यात पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं होतं.

पण चिरंजीव कशाला शिवतील तर शपथ! दलिया केला, ढकलला. पिठाची पेज केली, सांडली. मी दिवसभर वाटी घेऊन त्याच्या मागं, जीव नुसता टांगणीला.

त्यात एका संध्याकाळी दिवे लागल्यावर सासऱ्यांना पकडलं. अण्णा खिशातलं क्रीम बिस्कीट राजसच्या तोंडात घालत होते.

"अण्णा, डॉक्टर काय म्हणाले?"

"आवं, पोर उपाशी झोपतंय! मला बघवत न्हाई," अण्णा उरलेलं बिस्कीट मुठीत लपवत म्हणाले. "आन् माझ्या हातनं खातंय तर. तुमच्या हातनं कुठं खातंय?"

लय लागलं मला. रात्रभर तेच डोक्यात. पण सकाळी वाटलं, खोटं काय बोलले? खातो ना त्यांच्या हातनं, मग तेच धरू. आम्ही जैन, अण्णा सूर्य मावळल्यावर काही खात नाहीत. त्यामुळं पोराला बिस्कीट देतात तेव्हा स्वतः नुसते बसलेले असतात. त्यांना जेवताना बघितलं तर पोरही मागेल, असं वाटलं.

त्या दिवशी ऊन असतानाच अण्णांचं पान वाढलं आणि राजसला त्यांच्या मांडीवर दिलं. वरणाशेजारी खाकरा ठेवला.

"तुमी खावा. त्याला 'खा' म्हणू नका," मी सांगितलं.

अण्णांनी तुकडा मोडून वरणात बुडवला, खाल्ला. राजस त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. दुसरा तुकडा अण्णांनी मुद्दाम सावकाश उचलला. पोरानं त्यांचं मनगट ओढलं आणि आ केला.

त्यानं चावलं, तोंड वाकडं केलं, आता थुंकणार म्हणून मी हात पुढं केला. गिळलं! परत मनगट ओढलं.

आनंदानं रडू आलं मला, आणि खरं सांगते, जळलेही मी. इतके दिवस माझ्या हातात काय काटे होते? अण्णा माझ्याकडं बघून ओशाळले, त्यांनी तुकडा माझ्यापुढं धरला.

"तुमी द्या, चंदनबाला."

"नको, अण्णा. लवकर द्या, दिवस मावळतोय," मी म्हटलं आणि त्यांच्या ताटात आणखी एक खाकरा वाढला.