विश्वंभररावांच्या पाळीचा दिवस

देविदासनं पत्र वाचायला घेतलं तेव्हा शाळेच्या वऱ्हांड्यात पाणीवाटप सोसायटीचे बाराच्या बारा सभासद हजर होते, आणि ही गोष्टच मुळात नवलाची होती. एरवी मीटिंग म्हटली की निम्म्या लोकांना नेमकी त्याच दिवशी वसमतची एसटी धरायची असायची. पण आज प्रत्येकाला आपले तास कळणार होते. सचिव झाल्यापासून देविदास गावच्या शिव्या खाऊन खाऊन जाड झाला होता. कुणाला जास्त पाणी, कुणाला कमी, याचा हिशेब एकदाचा लिहूनच टाकू म्हणून त्यानं प्रत्येकाच्या नावानं पत्र काढलं होतं.

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की," तो घसा खाकरून वाचू लागला, "तांड्याकडील शेवटच्या व्हॉल्व्हवर सर्वांसमक्ष दोनशे लिटरचा ड्रम लावला असता तो दहा सेकंदांत भरला. म्हणजे मोटार सेकंदाला वीस लिटर, तासाला बहात्तर हजार लिटर पाणी देते. एक एकर गव्हावर दोन इंच पाणी उभे करण्यास साधारण दोन लाख लिटर लागतात. भागाकार करता एकरी जवळपास पावणेतीन तास येतात. विजेची लाईन रोज आठ तास, म्हणजे बारा दिवसांच्या पाळीत शहाण्णव तास. आपले क्षेत्र चौतीस एकर, त्यास साडेत्र्याण्णव तास लागतात. उरलेले अडीच तास पाइप भरण्यात जातील. ड्रम भरण्यास दहा सेकंदांहून अधिक वेळ लागू लागल्यास मात्र हे तास अपुरे पडतील, याची नोंद घ्यावी."

मग त्यानं एकेकाचे तास सांगितले. विश्वंभरराव, सहा एकर, साडेसोळा तास. संतराम, चार एकर, अकरा तास. असं करत करत शेवटी तांड्यावरचा फुलसिंग, दीड एकर, चार तास सात मिनिटं.

वऱ्हांड्याच्या कडेला बसलेल्या बेबीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. फुलसिंगचा चेहरा असा खुलला होता की जणू त्याला जमीनच मिळाली. आजवर तांड्याला पाणी मिळायचं ते गावाचं पोटभर झाल्यावर, उरलंसुरलं. आता त्याचं नाव होतं, नावापुढं तास होते, आणि खाली सोसायटीचा गोल शिक्का होता. बेबीबाईला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं, आणि घरी निघेपर्यंत ते काय हे तिला कळलंही.

पूर्णा नदीकाठच्या विहिरीत चारीनं नदीचं पाणी यायचं, आणि तिथून मोटार ते ओढायची. पूर्णेला सिद्धेश्वरच्या धरणातून पाणी सुटलं की त्याबरोबर शेवाळ, गवत, प्लास्टिकच्या पिशव्या असं सगळं वाहत यायचं आणि तळाशी पाइपाच्या तोंडावरच्या जाळीला चिकटून बसायचं. दर तिसऱ्या दिवशी फुलसिंग बुडी मारून ती जाळी साफ करायचा. अख्ख्या सोसायटीत एवढा वेळ दम धरणारा तोच. आजवर एकाची पाळी संपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंत मोटार अर्धा तास तरी बंद असायची, तेवढ्यात काम उरकायचं. ते कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी लिहिलेलंही नव्हतं. म्हणूनच देविदासच्या हिशेबात ते आलं नाही. शहाण्णवातले सगळे तास वाटून झाले होते.

"आन् तुमी खाली कवा उतरणार?" वाटेत तिनं विचारलं.

"लाईन यायच्या आधी."

"लाईनीचा काय भरवसा? काहून बोलला न्हाई तिथंच?"

"बोलून काय व्हईल? म्हणतील, तांड्याच्याच पाळीतून काप अर्धा तास. पैल्यांदा नाव लागलंय आपलं. गप ऱ्हा. मी फ्यूज काढून तुझ्याजवळ देतो, तू बस तिथं."

ती गप्प राहिली. तिलाही त्या चार तासांचा मोह होताच, उगाच कशाला खोटं सांगायचं. पण त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट आठवत राहिली. मागच्या साली मोटार चालू असताना फुलसिंगचा गमछा विहिरीत पडला होता आणि जाळीला जाऊन असा चिकटला होता की दोन गड्यांनी दोरानं ओढूनही सुटला नाही. मोटार बंद केली तेव्हाच तो मोकळा झाला. त्या जागी नवऱ्याचा हात तिला दिसायचा. भाकरी थापताना दिसायचा, कापूस वेचताना दिसायचा. त्यात आता एक मिनिट वाया जाऊ नये म्हणून सभासदांनी स्टार्टरला ऑटो बसवून घेतला होता. लाईन आली की मोटार आपली आपण सुरू.

विश्वंभररावांच्या पाळीचा पहिला दिवस आला. लाईन दहाला यायची होती. फुलसिंगनं नऊलाच मेन स्विचची दांडी खाली केली, तिन्ही फ्यूज काढून बायकोच्या ओंजळीत ठेवले, आणि विहिरीकडं गेला. स्टार्टरची पत्र्याची खोली वर दरडीवर होती, विहीर खाली झाडीच्या आड. तिथून ती दिसायचीही नाही आणि हाक दिली तरी पाण्याखालच्या माणसाला काय ऐकू जाणार? बेबीबाई फ्यूज ओटीत घेऊन दारात बसली.

बसून थोडाच वेळ झाला असेल, तोच खोलीतला बल्ब लागला. तो मेनच्या आधीच थेट तारेवर जोडलेला होता; लाईन वेळेआधीच आली होती.

फ्यूज ओटीत आहेत, दांडी खाली आहे, हे तिनं दोन-दोनदा बघितलं. तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून लांब लांब टांगा टाकत विश्वंभरराव येताना दिसले. त्यांच्या घरचाही बल्ब लागलाच असणार.

विश्वंभरराव काही वाईट माणूस नव्हे. पण त्यांचा गहू पोटरीत आला होता आणि पाण्यावाचून त्याची पानं पिळवटली होती. अशा वेळी भल्याभल्यांचा पारा चढतो.

"मोटार काहून बंद हाय?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"ते खाली हायती. जाळी काढून राहिले. जरा थांबा, भाऊ."

"थांबा? माझे साडेसोळा तास चालू झाले, बाई! हे बघ लिवलेलं." त्यांनी खिशातलं पत्र झटकलं. "संतराम म्हणलाच मला. तांड्याची पाळी माझ्या मागनं हाय. माझी मोटार उशिरा चालू करायची, मंग जाळीची तकलीफ सांगून माझी मिनिटं आपल्या पाळीत घ्यायची."

"देवाशपथ खाली हायती ते. जाऊन बघा ना."

"मी जातो विहिरीवर, आन् तू तेवढ्यात कुलूप घालून पळशील. तूच जा. घिऊन ये त्याला."

बेबीबाई उठली आणि तशीच थबकली. ती गेली तर हा माणूस दांडी वर करणार. तिनं त्यांच्या हाताकडं पाहिलं. हातात तांब्याच्या तारेचं भेंडोळं होतं. घरून निघतानाच माणूस तयारीनं आला होता.

"फ्यूज दे."

"न्हाई देत."

"नको दिऊ. डायरेक्ट करतो."

तिला बाजूला सारून ते आत शिरले. स्विचचं झाकण कधीचंच मोडलेलं होतं. त्यांनी पहिल्या खाचेत तार गुंडाळली, दुसरीत गुंडाळली. बेबीबाई ओरडली, फुलसिंगच्या नावानं ओरडली, दरडीकडं तोंड करून ओरडली. खालून काही आलं नाही. कसं येणार? तो तळाशी असणार, एक हात जाळीत घालून. तिला रडू फुटलं. पण रडून दांडी थांबणार नव्हती. तिसऱ्या खाचेत तार घालायला विश्वंभरराव वाकले, तेवढ्यात तिनं त्यांच्या काखेखालून हात घातला आणि बोटं खाचेत कोंबून मूठ आवळली.

"आता वर करा दांडी," ती म्हणाली.

"येडी झालीस का? काढ हात!"

"करा ना. त्यांचा हात बी आतच हाय. दोघांचा बराबर हिशेब व्हईल."

विश्वंभररावांचा हात दांडीवर गेला. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिची मूठ जागची हलली नाही. मग त्यांनी दांडीवरचा हात असा काढला की जणू तीच तापली होती. ते बाहेर गेले, दरड उतरून विहिरीपर्यंत गेले. काठावर सदरा ठेवलेला त्यांनी पाहिला, आणि पाणी फोडून वर आलेलं फुलसिंगचं डोकं पाहिलं.

दोघं वर आले तेव्हा विश्वंभररावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. फुलसिंग निथळत होता, थंडीनं काळानिळा पडला होता, बोटं जाळीनं सोलली होती. त्याला बायको दिसली नाही, खाचेतला हात दिसला नाही. त्याला आधी बल्ब दिसला.

"लाईन आली व्हय?" त्यानं घाबरून विचारलं. मग हात जोडून विश्वंभररावांपुढं वाकला. "भाऊ, तुमची मिनिटं गेली ती माझ्या पाळीतून घ्या. वाटलं तर अर्धा तास घ्या. पण सचिवाला सांगू नका. यादीतून माझं नाव काढतील."

विश्वंभररावांनी त्याचे जोडलेले हात धरून खाली केले. "अरे, मी तुला मारलं असतं," ते म्हणाले.

बल्ब लागूनही मोटारीचा आवाज नाही म्हणून देविदासही सायकल दामटत आला. काय झालं ते विश्वंभररावांनीच सांगितलं, स्वतःला न वाचवता. देविदासनं खाचेतली तार बघितली. तो दारातच उकिडवा बसला, काडी घेऊन मातीत आकडे मांडू लागला. घाबरला की त्याला तेवढंच सुचायचं.

"बारा दिवसांत चार येळा," तो पुटपुटला. "अर्धा अर्धा तास. दोन तास झाले. एकशेवीस मिनिटं. चौतीस एकरात वाटले तर..." काडी थांबली. "एकरी साडेतीन मिनिटं."

"माझी किती?" विश्वंभररावांनी विचारलं.

"एकवीस."

"घे. आजपास्नं घे."

"आन् आमची?" खोलीतून बेबीबाईचा आवाज आला. ती अजून तिथंच उभी होती. फुलसिंग तिचं एक एक बोट धरून मूठ सोडवत होता, आणि ती सुटत नव्हती.

"दीड एकर," देविदास म्हणाला. "पाच मिनिटं."

"पाच?" तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. "पाच मिनिटांसाठी आपून गप बसलो व्हतो?"

फुलसिंगनं मान खाली घातली आणि तिचं पुढचं बोट सोडवायला घेतलं.