हॅलो, आलीस?

मुलगा जहाजावर इंजिनिअर, त्यामुळे वर्षातले बरेच महिने घरात सासरा आणि सून दोघंच. सून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. सासऱ्यांची सगळी नोकरी बंदरातल्या क्रेनच्या केबिनमध्ये गेली, जमिनीपासून उंच, एकट्यानं. बोलायला कुणी नव्हतंच, आणि ती सवय त्यांनी निवृत्तीनंतरही मोडली नाही.

तिसरा जीव म्हणजे मास्तर. राखाडी पोपट, शेपटी लालभडक. शेजारच्या बाई परदेशी जाताना त्याला सुनेकडे सोपवून गेल्या होत्या. नवरा रजेवर घरी येईल तेव्हा मास्तरनं दारातच त्याला हॅलो म्हणावं, अशी सुनेची हौस. पण ती दिवसभर कामावर, म्हणून शिकवणी सासऱ्यांच्या गळ्यात पडली. तिनं समजावून सांगितलं की कुलपात किल्ली फिरली की लगेच, हसऱ्या आवाजात, हॅलो म्हणायचं. पोपटानं तसा काही आवाज काढला तर त्याच क्षणी सूर्यफुलाची बी द्यायची, आणि एरवी ती बी त्याच्या वाटीत घालायची नाही. सासऱ्यांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, मान डोलावली.

दिवसा ते पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून हॅलो म्हणत. मास्तर डोकं तिरकं करून ऐके, बी खाई आणि गप्प बसे.

एका संध्याकाळी सुनेनं किल्ली फिरवली, दार उघडलं, आणि आतून खरखरीत आवाज आला, "दार लाव. वारा येतो."

तिनं सवयीनं दार लावलं. मग बघते तो बाबा स्वयंपाकघरात पाणी पीत होते. बोलला होता पिंजरा.

ती हसली, पण बाबांना हसू आलं नाही. गेली कित्येक वर्षं ती दमून घरी आली की आपण पेपरातून डोकं वर न काढता हेच म्हणतो, हे त्यांना आज परक्यासारखं ऐकू आलं.

"मी तर त्याला रोज हॅलो शिकवतोय," ते म्हणाले.

"दुपारी शिकवता, बाबा. पण मी आल्यावर तो जे ऐकतो, तेच मी आल्यावर बोलतो." ती ओढणी खुंटीला अडकवत सहज म्हणाली. रागावून म्हणाली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून किल्लीचा आवाज आला की बाबा उठून दारापर्यंत जाऊ लागले. नुसतं हॅलो त्यांच्या जिभेला लाकडासारखं लागे, म्हणून मागे एक शब्द जोडला. "हॅलो. आलीस?" सुरुवातीला दोघंही अवघडली. मग ती थांबून उत्तर देऊ लागली. आज मशीन बंद पडलं, आज एक पैलवान सुई बघूनच आडवा झाला. बाबा विचारत, मग पुढे? चहा होईपर्यंत बोलणं चाले.

मास्तर जुनं वाक्य म्हणाला की दोघंही तिकडे लक्ष देत नसत. बी नाही, हसू नाही. हळूहळू ते विरलं. मग नुसतंच "लो" ऐकू येऊ लागलं, त्याला बी मिळाली, आणि एके दिवशी बाबा उठायच्या आत स्पष्ट शब्द आले, "हॅलो, आलीस?" आवाज हुबेहूब बाबांचा. सुनेनं स्वतःच्या हातानं बी भरवली.

मुलगा आला तो भर दुपारी, बॅगा घेऊन, बेल वाजवून. सून त्याला आणायला गेली होती, ती मागेच उभी. मास्तरनं नवा माणूस पाहिला, पिसं अंगाला घट्ट चिकटवली आणि अवाक्षर काढलं नाही. सून हिरमुसली. बाबा म्हणाले, "बेल वाजवलीत ना. त्याला किल्ली कळते."

दुसऱ्या दिवशी सून कामावरून परतली. किल्ली फिरताच पिंजऱ्यातून बाबांच्या आवाजात स्वागत झालं. मुलगा सोफ्यावरून उठून बसला. तो आवाज त्यानं जन्मभर ऐकला होता, पण असा प्रेमळ कधी नाही. त्यानं वडिलांकडे पाहिलं. ते दाराशी सुनेच्या हातातली पिशवी घेत होते आणि आज किती नमुने आले, ते विचारत होते.

त्यानंतर मुलगा पाव आणायला जरी खाली गेला, तरी किल्ली घेऊन जाई. परत आला की बाबा उठत आणि म्हणत, "हॅलो. आलास?" तो दारातच थोडा वेळ रेंगाळे, मग जहाजावरचं काहीबाही सांगत बसे. इतकं बोलणं बापलेकांत आजवर झालं नव्हतं.

रजा संपत आली तेव्हा एकदा तो केस कापून घरी आला. बाबा आंघोळीला गेले होते. मास्तरनं त्याला नीट निरखलं आणि अदबीनं विचारलं, "हॅलो, आलीस?"

"आले," तो म्हणाला, आणि बी शोधायला आत गेला.